तिमाही बुडाल्यावर टीमसमोर काय बोलायचं - जळगाव एरियातला माझा अनुभव

जे लोक नुकतेच एरिया मॅनेजर झालेत आणि पहिल्यांदा टार्गेट हुकल्यावर पोरांसमोर उभं राहायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. माझी लाईन ठिबकमधून द्यायच्या विद्राव्य खतांची, टीम सात जणांची, एरिया रावेर-यावलपासून पारोळा-अमळनेरपर्यंत. जुलै ते सप्टेंबर आमचा खरा सिझन, टार्गेट 180 लाख होतं आणि आम्ही 118 वर थांबलो. 62 लाखाचा खड्डा.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मीटिंग ठेवली. त्याआधीचे तीन दिवस मी भाषण लिहीत बसलो नाही, हिशोब फोडत बसलो, आणि माझ्या मते सगळं भाषण तिथंच ठरतं. कारण पोरांच्या डोक्यात कारण आधीच तयार असतं, पावसाने खंड दिला, कापूस पिवळा पडला, शेतकऱ्याकडे पैसा नाही. तुम्ही नुसतं "आता जोर लावा" म्हटलं की ते मान हलवतात आणि बाहेर चहाच्या टपरीवर पावसाचंच बोलतात.

हिशोब असा निघाला. 62 पैकी 21 लाख म्हणजे माल परत आलेला, क्रेडिट नोटा. हा माल जूनच्या शेवटच्या आठवड्यात मागची तिमाही क्लोज करायला आपणच डीलरच्या गोडाऊनमध्ये कोंबलेला होता. आणखी 24 लाख म्हणजे 11 डीलरची नेहमीची खरेदी, जी झालीच नाही, कारण त्यांची उधारी 90 दिवसांच्या वर गेली आणि सिस्टिमने बिलिंग लॉक केलं. उरलेले 17 लाख पाऊस, पीक, दुसऱ्या कंपन्यांचा स्वस्त माल, हे सगळं मिळून. म्हणजे 45 लाख आपल्या हातातले होते आणि आपण सगळे 17 लाखावर बोलत बसलेलो.

तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, पण एक गोष्ट नक्की तपासा: आपण डीलरला किती बिल केलं आणि डीलरने शेतकऱ्याला किती विकलं. आपल्या रिपोर्टमध्ये फक्त पहिला आकडा दिसतो. दुसरा बघायला गोडाऊनमध्ये जाऊन बॅगा मोजाव्या लागतात. मी शनिवारी पारोळा भागातल्या एका जुन्या डीलरकडे गेलो तर ते म्हणाले, "भाऊ, माल तं दुकानमा पडेल शे, नवा कसाले देतस?" मोजल्या तर 00:52:34 या ग्रेडच्या खताच्या निम्म्याहून जास्त बॅगा तशाच, खालच्या थराने पावसाळ्यात ओल धरून गोटे झालेले. आमच्या रिपोर्टमध्ये हा डीलर जूनचा टॉप डीलर होता.

बोलताना मी सुरुवात जूनपासून केली. सरळ सांगितलं, "जूनच्या शेवटच्या आठवड्यात माल टाका हे मी सांगितलं होतं, तुम्ही ते केलं, त्यातले 21 लाख परत आले, ही चूक माझ्या निर्णयाची आहे." हे मी मोठेपणासाठी बोललो नाही, बोलणं गरजेचं होतं कारण सातही जणांना ते माहीत होतं, आणि मी ते टाळलं असतं तर पुढचं एकही वाक्य कुणी ऐकलं नसतं. कोणाचंही वैयक्तिक अचिव्हमेंट स्क्रीनवर लावलं नाही. सगळ्यात मागे असलेल्या पोराशी मी रविवारीच फोनवर बोललो होतो, त्याच्या 11 पैकी 4 पार्ट्या लॉक होत्या, तो विकणार तरी कुणाला.

मग फळ्यावर तो 62 चा हिशोब काढला आणि पुढच्या तिमाहीची दोनच कामं सांगितली. इथे एक गंमत नाही, अडचण झाली ती सांगतो. मी म्हटलं "आपल्याला रिकव्हरी करायचीय" आणि अर्ध्या टीमने ते वसुली असंच घेतलं, आपल्या लाईनीत रिकव्हरी म्हणजे वसुलीच ना. त्यामुळे थांबून शब्द बदलले, एक काम वसुली, दुसरं काम पडलेला माल शेतात उतरवणं.

वसुलीत सगळी 38 लाखाची उधारी आणा असं सांगितलं नाही. 11 पैकी 4 डीलरकडेच 26 लाख अडकले होते, ते चार आधी. आणि क्रमसुद्धा ठरवून दिला. रावेर-यावलच्या बाजूला केळीची कापणी थोडीफार वर्षभर चालू असते, तिथल्या दुकानदाराकडे ऑक्टोबरमध्येही पैसा फिरतो, म्हणून तिथे लगेच जायचं. पारोळा-अमळनेरला शेतकरी कापूस विकल्यावर दुकानदाराला देतो, पहिल्या वेच्याचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, तिथे ऑक्टोबरमध्ये रोज दारात उभं राहून फक्त संबंध बिघडतात. तिथे दिवाळीनंतरच्या तारखा लिहून घ्यायच्या, हप्त्याने.

पडलेल्या मालाचं मात्र डीलरप्रमाणे नाही, ग्रेडप्रमाणे बघितलं. 12:61:00 आणि 19:19:19 रावेर-यावलकडे वळवायचं, कारण केळीच्या कांदेबागची लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते आणि सुरुवातीच्या वाढीला हेच लागतं, शिवाय थंडी पडली की केळीची वाढ मंदावते, म्हणून शेतकरी त्याआधी देऊन मोकळा होतो. 00:52:34 कापसासाठी घेतलेलं, कापसाचा तो टप्पा गेला, आता ते हरभऱ्याला फुलावर यायच्या वेळी फवारणीतून जाईल, म्हणजे लगेच नाही. हे मी मुद्दाम सांगितलं. सगळा माल पंधरा दिवसात निघेल असं बोललो असतो तर पोरांनी पुन्हा एका गोडाऊनमधून उचलून दुसऱ्यात नेऊन टाकला असता. गोटे झालेल्या बॅगा मात्र विकायच्याच नाहीत, त्या परत.

काय थांबवायचं हेही सांगावं लागतं, नाहीतर कामं नुसती वाढतात. डिसेंबरपर्यंत नवीन डीलर जोडणं बंद केलं. रोज संध्याकाळी चार-चार रिपोर्ट यायचे ते बंद, फक्त एकच आकडा: आज आपल्या भागातल्या दुकानातून शेतकऱ्याकडे किती बॅगा गेल्या. नवीन बिल हवं असेल तर आधी त्या दुकानातला स्टॉक मोजलेला फोटो.

एवढं बोलायला बारा-तेरा मिनिटं लागली. मग अमळनेरच्या पोराने विचारलं, "दादा, तुम्ही म्हणता बॅगा शेतात उतरवा, पण आमचा इन्सेंटिव्ह तर बिलिंगवरच आहे ना?" मी याचा विचारच केला नव्हता. पोरगा बरोबर होता, भाषण एक सांगत होतं आणि पगाराची स्लिप दुसरं, अशा वेळी माणूस स्लिपचंच ऐकतो. मी तिथे खोटं आश्वासन दिलं नाही, शुक्रवारपर्यंत उत्तर देतो म्हटलं. हेड ऑफिसशी तीनदा बोललो, पूर्ण स्कीम त्यांनी बदलली नाही, पण त्या तिमाहीपुरतं एवढं मान्य झालं की अनलॉक झालेल्या प्रत्येक डीलरमागे ठराविक रक्कम मिळेल आणि परत आलेला माल इन्सेंटिव्हमधून वजा होईल. दुसरी अट पोरांना आवडली नाही, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुणीही माल कोंबला नाही, तो त्या अटीमुळेच.

डिसेंबरअखेर 11 पैकी 7 डीलर उघडले, 150 च्या टार्गेटवर 129 झाले, आणि माल परत आला तो जवळजवळ सगळा त्या गोटे झालेल्या बॅगांचाच. चार डीलर अजून लॉक आहेत, त्यातल्या दोघांकडे मी आता स्वतः जातो.