ढगळ कुर्ता मापात आणताना मुंढा कसा सांभाळला

सासऱ्यांचा खादीचा कुर्ता नवऱ्यासाठी मापात आणायचा होता. छातीत ४६ इंच, हवा ४२. खांदा साडेअठरा, हवा १७. बरेच जण बाही न उसवता बगलेतून सरळ टीप मारतात. मग खांदा दंडावर उतरलेला तो उतरलेलाच राहतो आणि बगलेत चुण्या पडतात. म्हणून मी दोन्ही बाह्या आणि बाजूच्या शिवणी आधी उसवल्या आणि इस्त्री केली.

प्रत्येक खांद्यावरून पाऊण इंच आत खूण केली. बगलेत पुढचा आणि मागचा भाग एकेक इंच आत घेतला, खाली कटापर्यंत ती रेघ शून्यावर आणली. या दोन खुणा जोडून नवा मुंढा आखला. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा जास्त खोल हवा, नाहीतर हात पुढे नेताना छातीवर घड्या येतात.

आता खरी मेख बाहीत. मुंढा लहान झाला की बाहीची गोलाईही लहान व्हायलाच हवी. बाही बगलेत दोन्ही कडांनी एकेक इंच घेऊन कोपरापर्यंत निमुळती केली. मग टेप उभी धरून शिवणीच्या रेघेवरून दोन्ही मापली. बाही अर्धा इंच जास्त निघाली, तेवढी खांद्याजवळ सहज मुरते. त्याहून जास्त असती तर चुण्या आल्या असत्या.

गणपती पेठेतून आणलेल्या दोऱ्याने आधी कच्चे टाके घातले आणि नवऱ्याला हात वर करायला सांगितलं. कुर्ता कमरेपासून फारसा उचलला गेला नाही, तेव्हाच मशीन मारली. जादा कापड त्यानंतर कापलं.