कोटेशनमधली अर्धवट ओळ

निर्यातीत नवीन आलेली मंडळी मला कंपनीची ओळख करून देणारी फाइल दाखवतात, तेव्हा मी आधी कोटेशन मागतो. संचालकांचे फोटो आणि 'आमचे ध्येय' ही पानं परदेशातला खरेदीदार उलटतो आणि पुढे जातो. कागद खरे आहेत का, नमुना कसा मिळेल आणि सांगितलेली किंमत नक्की कुठपर्यंतची, एवढंच त्याला हवं असतं.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. आयएसओ ९००१ हे कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, मालाचं नाही. 'आमचे उत्पादन आयएसओ प्रमाणित' असं लिहिलंत की जाणकार माणूस तिथेच सावध होतो. नुसता लोगो न लावता पूर्ण प्रत जोडा. त्यावरचा पत्ता माल बनतो त्याच कारखान्याचा आहे का, व्याप्तीच्या ओळीत तुमचं उत्पादन येतं का आणि मुदत शिल्लक आहे का, हे तो बघतोच. माल दुसऱ्याकडून घेऊन विकत असाल तर प्रमाणपत्र त्या कारखान्याचं आहे असं सरळ लिहा. ऑडिटच्या दिवशी ते बाहेर येणारच.

नमुन्याची सगळ्यांना घाई असते, म्हणून वेचून वेचून काढलेला माल पाठवला जातो. मग पुढचा अख्खा कंटेनर त्या वेचलेल्या मालाशी ताडला जातो. नमुना रोजच्या उत्पादनातूनच काढा. त्याच लॉटचा जोडनमुना सील करून, तारीख आणि लॉट क्रमांक टाकून स्वतःजवळ ठेवा. वाद झाला तर तोच कामाला येतो. कुरियरचा खर्च मागायला लाजू नका, पहिल्या ऑर्डरमधून वजा करू असं लिहा. जो कुरियरचे पैसे द्यायला कुरकुरतो, तो कंटेनर उचलेल ही आशा मी तरी सोडली आहे.

आता ज्या ओळीनं मला पोळलं तिच्याबद्दल. 'किंमत एफओबी', म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत, एवढंच लिहून कोटेशन पाठवायचं, हे एका कार्यशाळेत शिकवलं होतं. शिकवणाऱ्याने स्वतः कधी कंटेनर भरला होता का, देव जाणे.

एफओबीत धोका खरेदीदाराकडे जातो तो माल जहाजावर चढल्यावर. पण कंटेनर तुम्ही जहाजावर चढवतच नाही, टर्मिनलच्या यार्डात सोपवून परत येता. समजा, खरेदीदाराने ठरवलेल्या जहाजाची वेळ यायच्या आधी कंटेनर आठवडाभर यार्डात पडून राहिला आणि छताच्या भोकातून पाणी शिरून माल भिजला. कंटेनर तुमच्या ताब्यात नव्हता, जहाज तुम्ही निवडलं नव्हतं, तरी नुकसान तुमचं, कारण माल अजून जहाजावर चढलेला नाही. त्यात बंदराचं नावच लिहिलेलं नसेल तर कुठल्या बंदरापर्यंतचा खर्च किमतीत धरलाय, यावरून आणखी भांडण.

कंटेनरच्या मालाला एफसीए ही अट बसते. खर्च आणि धोका कुठे पलीकडे जातो हे सांगणाऱ्या या अटींचे नियम, म्हणजे इन्कोटर्म्स, बनवणारं आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ, आयसीसी, स्वतःच हे सांगतं. एफसीएत ठरलेल्या जागी माल वाहतूकदाराच्या हवाली केला की धोका पलीकडे जातो. जागा टर्मिनल असेल तर गाडीवरून उतरवून द्यायचीही जबाबदारी तुमची नाही. निर्यातीचं कस्टम क्लिअरन्स दोन्ही अटींत तुमच्याकडेच राहतं. म्हणून ओळ पूर्ण लिहा: एफसीए, अमुक टर्मिनल, अमुक बंदर, इन्कोटर्म्स २०२०. तिच्याखाली किंमत किती तारखेपर्यंत लागू, आणि माल किती दिवसांत देणार. ते दिवस आगाऊ रक्कम जमा झाल्यापासून मोजायचे की नमुना मंजूर झाल्यापासून, हेही लिहा. नाहीतर तो ऑर्डरच्या मेलपासून मोजतो.

घाबरायचं कारण नाही, एकदा नीट बसवलं की हीच ओळ प्रत्येक कोटेशनला चालते. फक्त लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे कागद बघून पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, व्यवहार असेल तर थांबा. बँक बहुधा माल जहाजावर चढल्याची नोंद असलेलं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती, मागते, आणि एफसीएत तुमच्या हातात तेवढा पुरावा आपोआप येत नाही. २०२० च्या नियमांत यावर सोय आहे: खरेदीदाराने आपल्या वाहतूकदाराला तसं बिल तुम्हाला द्यायला सांगावं, असं दोघांना ठरवता येतं. हे आधी करारात घाला. माल गेल्यावर तो वाहतूकदार तुमचा फोनसुद्धा उचलत नाही.

काही खरेदीदार सवयीने एफओबीवरच अडून बसतात. मोठी ऑर्डर असेल तर मीही ताणत नाही. कारखान्यापासून जहाजावर चढेपर्यंतचा विमा स्वतः उतरवतो, त्यात यार्डातला मुक्काम धरला आहे ना ते पॉलिसीत वाचून घेतो, आणि टर्मिनलचे हाताळणी शुल्क किमतीत घालूनच आकडा सांगतो.