सुनावणीच्या मीटिंगला हिरवं कुलूप लावलं, तेव्हा

कंपनीच्या अंतर्गत समितीचं सचिवपद माझ्याकडे आलं त्याच्या तिसऱ्याच आठवड्यात पहिली सुनावणी लागली. लैंगिक छळाची तक्रार होती. तक्रारदार साताऱ्याकडे आपल्या घरी, बाहेरच्या सदस्य वकीलबाई कोल्हापुरात आणि आम्ही पुण्यात, त्यामुळे ऑनलाइन घेण्यावाचून इलाज नव्हता. 2013 च्या कायद्याचं कलम 16 तक्रारदाराचं नाव, चौकशीतला मजकूर, सगळंच गोपनीय ठेवायला सांगतं. मी घाबरून झूमच्या सेटिंगमध्ये गेले आणि `Security` खालचं `Allow use of end-to-end encryption` चालू केलं. मीटिंग ठरवतानाही `Enhanced encryption` ऐवजी `End-to-end encryption` निवडलं. वाटलं, काम झालं.

सुनावणीच्या दिवशी अकराच्या मीटिंगला अकरा वीस झाले तरी कोरम होईना. अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य लागतात. चौथ्या मॅडम परदेशी गेल्या होत्या, म्हणजे वकीलबाई आल्याशिवाय सुरूच करता येत नव्हतं. त्या बिचाऱ्या लिंक ब्राउझरमध्ये उघडून बसलेल्या आणि आत येता येत नव्हतं. अ‍ॅप डाउनलोड करून त्या आत आल्या तेवढ्यात तक्रारदाराचा मेसेज आला: "नेट जातंय, फोन लावून येते. नंबर कुठाय?" आमंत्रणात नंबर नव्हताच. एरवी असतो, या वेळी गायब होता.

हे का घडलं ते त्या रात्री वाचून समजून घेतलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर तेवढं आधीच माहीत असलेलं बरं.

साध्या झूम मीटिंगमध्येही आवाज आणि चित्र उघडं जात नाही. वाटेत, म्हणजे कॅफेच्या वायफायवर वगैरे, कुणी पकडलं तरी त्याला काही कळत नाही. पण कुलपाची किल्ली झूमच्या सर्व्हरवर तयार होते, म्हणजे ती झूमकडे असते. एंड-टू-एंडमध्ये किल्ली होस्टच्या लॅपटॉपवर तयार होते आणि तिथूनच एकेका सहभागीच्या अ‍ॅपला पोचते. सर्व्हर उरतो फक्त हमाल. पेटी वाहून नेतो, उघडू शकत नाही. बदलतं ते एवढंच.

मग ज्या ज्या सोयीसाठी सर्व्हरला पेटी उघडावी लागते, ती सोय आपोआप जाते. साध्या फोनला हे कुलूप उघडता येत नाही. तो मीटिंगला जोडायचा तर मध्ये सर्व्हरने आवाज मोकळा करून फोनच्या तारेवर सोडायला हवा, म्हणून नंबरच मिळत नाही. कॉन्फरन्स रूममधलं जुनं व्हिडिओ यंत्र जोडता येत नाही त्यालाही हेच कारण. क्लाउड रेकॉर्डिंग, आपोआप उमटणाऱ्या ओळी, मीटिंगनंतर मिळणारा सारांश, होस्टच्या आधी येऊन बसणं, हे सगळं बंद होतं. यात चूक झूमची नाही. हे सगळं चालू ठेवून "आम्ही एंड-टू-एंड आहोत" असं कुणी म्हणत असेल तर उलट संशय घ्यावा. खुद्द झूमकडे 2020 च्या ऑक्टोबरपर्यंत ही खरी सोय नव्हती, तरी त्याआधी काही वर्षं ते तसा दावा करत होतं आणि त्यावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना धारेवर धरलं.

टीम्समध्ये गंमत वेगळी आहे. तिथे हे सेटिंग लावलं तर आवाज, चित्र आणि स्क्रीन शेअर एवढंच कुलूपबंद होतं, चॅट होत नाही. साक्षीदाराचं नाव चॅटमध्ये टाइप करून विचारायची सवय असेल तर ती तिथे सोडावी.

आता आमच्यासारख्या समितीला याचा नेमका उपयोग काय? खरं सांगायचं तर आमच्या सुनावणीत डोकावायला परदेशातला हॅकर येणार नव्हता. भीती घरातलीच होती. क्लाउड रेकॉर्डिंग झालं असतं तर ते कंपनीच्या खात्यात पडलं असतं आणि खात्याच्या अ‍ॅडमिनला ते उघडता आलं असतं. आमचा अ‍ॅडमिन आणि ज्याच्यावर आरोप होता तो, दोघे एकाच मजल्यावर बसतात. एंड-टू-एंडमुळे ती फाइल तयारच झाली नाही. पण कबूल करते, नुसतं रेकॉर्डिंग आणि सारांश बंद ठेवले असते तरी या धोक्यापुरतं काम भागलं असतं. कुलपाचा वेगळा फायदा एवढाच, की चुकूनसुद्धा कुणी क्लाउडवर रेकॉर्डिंग सुरू करू शकत नाही.

आणि माझी खरी चूक कुलपाच्या बाहेरच होती. मीटिंगला नाव देताना मी "सुनावणी" आणि पुढे तक्रारदाराचं आडनाव लिहिलं होतं. ते आमंत्रणातून माझ्या कॅलेंडरवर गेलं आणि माझं कॅलेंडर विभागातल्या सहा जणांना दिसतं. मीटिंगचं नाव, कोण किती वाजता आलं, किती वेळ थांबलं, हे कुलपात जात नाही. कंपनीच्या अ‍ॅडमिनला अहवालात ते दिसतंच. आता मी नाव "आढावा 3" असं काहीतरी ठेवते आणि कॅलेंडरवर नोंद खाजगी करते.

दुसरं टोक म्हणजे लॅपटॉप. कंपनीने दिलेल्या मशीनवर स्क्रीनवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर असेल तर पेटी उघडल्यानंतरचं सगळं त्याला दिसतं. समोरचा माणूस मोबाईल धरून स्क्रीनचा व्हिडिओ काढू शकतो. होस्टने मुभा दिली तर त्याच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही होतं, म्हणून ती मुभा मी काढून टाकते. तक्रारदाराला मी घरचा मोबाईल वापरायला सांगते.

आता सुरुवातीची पाच मिनिटं अशी जातात. सगळे आत आले की डाव्या कोपऱ्यातली ढाल बघायची. ढालीवर कुलूप असेल तर एंड-टू-एंड, नुसती बरोबरची खूण असेल तर साधं. खूण दिसली तर मीटिंग बंद करून नव्याने लावावी लागते, मधूनच बदलता येत नाही. मग ढालीवर क्लिक करून सुरक्षा कोड उघडायचा आणि होस्टने तो आकडा आकडा वाचायचा. बाकीच्यांनी आपापल्या स्क्रीनवर बोट ठेवून ताडून बघायचा. वकीलबाईंना पहिल्यांदा हे पोरकट वाटलं. "ही काय लॉटरीची सोडत आहे का?" म्हणाल्या. पण सर्व्हर मध्ये बसून किल्ल्या बदलत नाहीये ना, हे तपासायची ही एकच जागा आहे. आणि होस्ट बदलला की कोडही बदलतो. अध्यक्षांचं नेट गेलं आणि होस्टपद माझ्याकडे आलं, की मी थांबवून पुन्हा वाचते.

रेकॉर्डिंग नाही म्हणून जबाब हाताने लिहिते. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, दुरुस्त्या घ्यायच्या आणि शेवटी सही. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते, त्यामुळे तारखा देतानाच हा वेळ मोजून ठेवते.

त्या पहिल्या दिवशी आम्ही सुनावणी पुढे ढकलली. फोनवरून घ्यायची तर एंड-टू-एंड काढून नवी मीटिंग लावायची, हाही मार्ग होता. तो मी तक्रारदाराला फोनवर समजावून सांगितला: आवाज झूमच्या सर्व्हरवर मोकळा होईल, रेकॉर्डिंग मात्र होणार नाही, चालेल का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, चार दिवसांनी मी पुण्यात येते. समोर बसूनच सांगते."