सेमिनारमध्ये सर्व्हायव्हल कर्व्ह दाखवताय? मग या चुका टाळा

"हझार्ड रेशो ०.७४, म्हणजे या औषधाने २६ टक्के रुग्ण वाचले." नाशिकमध्ये पीजींच्या सेमिनारना बसायला लागल्यापासून हे वाक्य इतक्यांदा कानावर पडलंय की आता पुढची स्लाइड यायच्या आत माझा हात वर जातो. पेपर नीट वाचलेला असतो, स्लाइडही देखण्या असतात. फक्त ज्या आलेखावर सगळा पेपर उभा आहे, त्यावर मुलं वीस सेकंदही थांबत नाहीत.

उदाहरणाला आयपास ट्रायल घेऊ, कारण सेमिनारला तो हमखास निवडला जातो आणि हमखास फसतो. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला हा अभ्यास. पूर्व आशियातले १२१७ रुग्ण, फुफ्फुसाचा पुढच्या टप्प्यातला अ‍ॅडेनोकार्सिनोमा, कधीच सिगारेट न ओढलेले किंवा थोडीफार ओढून सोडलेले. अर्ध्यांना गेफिटिनिबची गोळी, अर्ध्यांना कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल. मोजायचं होतं पीएफएस, म्हणजे आजार वाढेपर्यंत किंवा मृत्यू येईपर्यंतचा काळ. हझार्ड रेशो आला ०.७४, गेफिटिनिबच्या बाजूने.

आता '२६ टक्के वाचले' यातली पहिली गफलत अशी की पीएफएसमध्ये बहुतेक घटना आजार वाढल्याच्या असतात. 'वाचले' हा शब्द इथे बसतच नाही. दुसरी गफलत जास्त खोल आहे. हझार्ड म्हणजे वेग. आत्तापर्यंत ज्यांचा आजार वाढलेला नाही, त्यांच्यापैकी पुढच्या थोड्या काळात किती जणांचा वाढतो, तो वेग. दोन गटांच्या वेगांचं गुणोत्तर ०.७४ आहे. शंभरातले किती रुग्ण ठीक राहिले, हे त्यातून थेट निघत नाही. ते हवं असेल तर कर्व्हवर बोट ठेवावं लागतं. बारा महिन्यांवर ठेवलंत तर गेफिटिनिब गटात २४.९ टक्के, केमो गटात ६.७ टक्के रुग्ण आजार न वाढता टिकलेले दिसतात. सेमिनारमध्ये आधी हे सांगा, मग हझार्ड रेशो.

आणि तेवढ्यावर थांबू नका. याच पेपरमध्ये मीडियन पीएफएस आहे गेफिटिनिबला ५.७ महिने आणि केमोला ५.८. वेग सव्वीस टक्क्यांनी कमी आणि मीडियन मात्र तोच? इथे ज्याला शंका येत नाही, त्याने कर्व्ह पाहिलेलाच नाही.

मी एक साधा पडताळा घेतो. दोन्ही गटांमधल्या वेगांचं गुणोत्तर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सारखंच राहिलं असतं, तर केमो गटाच्या टक्केवारीचा हझार्ड रेशोइतका घात काढला की दुसऱ्या गटाची टक्केवारी मिळायला हवी. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं:

```
0.5^0.74   = 0.60
0.067^0.74 = 0.135
```

म्हणजे केमोचा कर्व्ह पन्नास टक्क्यांवर येतो तेव्हा गेफिटिनिबचा साठावर असायला हवा होता. प्रत्यक्षात तोही पन्नासच्या आसपासच आहे. बारा महिन्यांवर साडेतेरा टक्के अपेक्षित, तर प्रत्यक्षात जवळजवळ पंचवीस. आधी अपेक्षेपेक्षा वाईट, नंतर अपेक्षेपेक्षा चांगलं. आलेख उघडा, सहा महिन्यांच्या सुमारास दोन्ही रेषा एकमेकींना छेदताना दिसतील. मग ०.७४ हा आकडा कुठल्याच महिन्याचं खरं चित्र नाही. उलटसुलट काळाची ती एक सरासरी आहे.

याच ठिकाणी मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक घडली. एका रेसिडेंटने रेषा छेदतात हे बरोबर टिपलं. एवढं टिपणारे कमीच, म्हणून मी खूश होऊन बसलो होतो. पुढच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत निष्कर्ष: पहिले सहा महिने केमो सरस, त्यानंतर गेफिटिनिब सरस, म्हणून आधी केमो देऊन सहा महिन्यांनी गोळीवर आणावं. मागच्या रांगेतून मेडिसिनच्या एका मॅडमनी विचारलं, "डॉक्टर, सहा महिन्यांनी त्या गटात उरलंय कोण?" उत्तर आलं, "मॅडम, रँडमायझेशन केलेलं आहे ना." त्यावर हॉलमध्ये कोणीच काही बोललं नाही.

रँडमायझेशनने दोन गट सारखे होतात ते पहिल्या दिवशी. आयपासमध्ये ४३७ रुग्णांचं ईजीएफआर म्युटेशन तपासता आलं, त्यातले २६१ पॉझिटिव्ह निघाले. पॉझिटिव्ह रुग्णांत हझार्ड रेशो ०.४८, मीडियन गोळीवर ९.५ महिने आणि केमोवर ६.३. निगेटिव्ह रुग्णांत हझार्ड रेशो २.८५, मीडियन गोळीवर अवघा दीड महिना आणि केमोवर ५.५. म्हणजे गेफिटिनिबचा कर्व्ह सुरुवातीला कोसळतो तो निगेटिव्ह रुग्णांमुळे. पहिल्या एक-दोन स्कॅनमध्येच त्यांचा आजार वाढलेला दिसतो आणि ते गळतात. सहा महिन्यांनी त्या गटात मुख्यतः पॉझिटिव्ह लोक उरलेले असतात. रेषा छेदली म्हणजे औषध उशिरा काम करू लागलं असं नव्हे. आत दोन वेगळ्या आजारांचे रुग्ण एकत्र मोजले गेले होते. त्या रेसिडेंटचा सल्ला मानला तर पॉझिटिव्ह रुग्णाला उगाच सहा महिने केमो मिळेल आणि निगेटिव्हला नंतर निरुपयोगी गोळी. आलेखातून खरा धडा निघतो तो 'आधी म्युटेशन तपासा' हा.

माझी सवय जुनाट आहे. कर्व्ह कागदावर प्रिंट काढतो, तीन, सहा आणि बारा महिन्यांवर पट्टीने उभ्या रेषा मारतो आणि प्रत्येक ठिकाणचे दोन्ही आकडे पेन्सिलीने लिहितो. अ‍ॅबस्ट्रॅक्टचा स्क्रीनशॉट चिकटवण्यापेक्षा याला दहा मिनिटं जास्त लागतात. 'सर, वेळ नव्हता' म्हणणाऱ्यांच्या स्लाइडवर अ‍ॅनिमेशन मात्र भरपूर असतं.

बाकी किरकोळ, पण रोजच्या चुका. आलेखाखालची 'नंबर अ‍ॅट रिस्क'ची ओळ कापून टाकू नका. उजवीकडे मूठभर रुग्ण उरले की एकाच घटनेने रेषा मोठी पायरी उतरते, आणि तिथली सपाट शेपटी पाहून 'बरे झाले' म्हणणं धाडसाचं आहे. उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, ते बघा. कर्व्हवरच्या छोट्या उभ्या खुणा सेन्सरिंगच्या असतात, मृत्यूच्या नाहीत. पीएफएस स्कॅनच्या तारखांना बांधलेलं असतं. आयपासमध्ये दर सहा आठवड्यांनी तपासणी होती, तेव्हा ५.७ आणि ५.८ यांतल्या फरकावर चर्चा करू नका.

आणि 'मग रुग्ण जास्त जगले का?' हा प्रश्न येणारच, त्याची तयारी ठेवा. २०११ साली एकूण आयुष्याचे अंतिम आकडे आले: मीडियन १८.८ विरुद्ध १७.४ महिने, हझार्ड रेशो ०.९०, विश्वासार्हता मर्यादा ०.७९ ते १.०२. मर्यादेत १ येतो, म्हणून फरक सिद्ध झाला नाही. केमो गटातल्या बऱ्याच जणांना आजार वाढल्यावर याच जातीची गोळी मिळाली होती, त्यामुळे दोन गटांतलं अंतर पुसट झालं, हेही त्याच दमात सांगा.