निरोपाच्या भाषणातला ‘वारसा’ जपून वापरा

निवृत्त होणाऱ्या शिक्षकाचं भाषण पहिल्यांदाच लिहायला घेतलं की हात आपोआप तीन शब्दांकडे जातो: वारसा, कृतज्ञता, निरोप. तिघांनाही दोन-दोन बाजू आहेत, म्हणून त्यांच्यावर खेळावंसं वाटतं, आणि खेळावंही. पण यातला पहिला शब्द दगा देतो. तो कसा, हे नीट सांगायलाच हवं, कारण ही चूक लिहिताना दिसत नाही. माईकसमोर उभं राहिल्यावर, समोरची पहिली रांग गप्प झाली की मगच कळते.

नेहमीचं वाक्य असं असतं: “मी या शाळेत संस्कारांचा वारसा मागे ठेवून जात आहे.” कागदावर छान दिसतं. आता ते ऐका. वारसा, मागे ठेवणे, जाणे. मराठी कानाला हे तिन्ही शब्द एकत्र कुठे भेटतात? मयताच्या घरी. वारसा माणूस गेल्यावरच उघडतो. गोव्यात तर हा अर्थ फारच जिवंत आहे, कारण इथे घराघरांत इन्व्हेंटरी, म्हणजे मयताची मालमत्ता वारसांत वाटून देणारी कोर्टाची कारवाई, झालेली असते किंवा रखडलेली असते. डिचोलीच्या एखाद्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत समोर बसलेल्या पालकांपैकी कोणीतरी हमखास कोर्टात वारसांच्या सह्या गोळा करून दमलेला असतो. त्याला ‘संस्कार’ ऐकूच येत नाही. बाईंनी मृत्युपत्र वाचायला घेतलं असं वाटतं, आणि पुढची दोन मिनिटं सभा उगाच सुतकी होऊन बसते.

‘मागे ठेवून’ काढून ‘सोडून’ घातलं तरी काही सुधारत नाही. क्रियापद बदलून हा शब्द हलका होत नाही. त्याचा हिशेबी, कायद्याचा अर्थ आधी स्वतःच उघड करायचा आणि मग त्यावर पाय देऊन पुढे जायचं, हाच उपाय. दबलेला अर्थ दगा देतो. आपण बोलून दाखवलेला अर्थ कामाला येतो.

गोव्यात त्यासाठी घरचंच साधन आहे. पोर्तुगीज काळापासून इथे चालत आलेला नियम असा की मुलंबाळं असलेल्या माणसाला आपल्या वाट्याची सगळी मालमत्ता मनाला येईल त्याला लिहून देता येत नाही. अर्धी वारसांच्या हक्काची, ती राखावीच लागते. उरलेली अर्धी तेवढी आपल्या मर्जीची. हा नियम समोरच्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही, एका वाक्यात आठवण दिली की पुरते. मग भाषण असं चालतं:

“वारसा माणूस गेल्यावर उघडतो. मी तर इथेच उभी आहे. त्यामुळे आज मी फक्त चार्ज देणार: जनरल रजिस्टर, स्टॉक रजिस्टर, दोन कपाटांच्या चाव्या. पण आपल्याकडे अर्धी मालमत्ता वारसांच्या हक्काची असते. बाराखडी, पाढे, वाचन ही तुमची हक्काची अर्धी. ती मी दिली यात उपकार काही नाहीत, न देते तर गुन्हा होता. उरलेली अर्धी माझ्या मर्जीची. त्यातून मी तुम्हाला पावसाळी दुपारच्या गोष्टी दिल्या.”

यात काय झालं बघा. ‘चार्ज’ हा रोजचा कचेरीचा शब्द आल्याबरोबर वारशातलं मरण निघून गेलं. चार्ज जिवंत माणूस जिवंत माणसाला देतो, तोही मोजून, सही घेऊन. शिवाय हक्काची अर्धी आणि मर्जीची अर्धी वेगळी झाल्यामुळे कृतज्ञतेला जागा मिळाली. हक्काचं मिळालं त्याबद्दल कोणी ऋणी होत नसतो. दुसऱ्या अर्ध्यासाठी होतो. पुढचा शब्द असा आपल्या पायांनी चालत आला पाहिजे.

मर्जीच्या अर्ध्यात मात्र एकच गोष्ट ठेवा, आणि ती डोळ्यांसमोर येणारी असू द्या. ‘प्रेम, शिस्त, मूल्यं’ लिहिलंत की सगळं पुन्हा संस्कारांवर घसरतं. आणि कृपा करून “वारसा या शब्दाचे दोन अर्थ आहेत” असं म्हणू नका. श्लेष जाहीर केला की मेला. शब्दकोशातली व्युत्पत्ती वाचून दाखवणंही नको. वारस अरबीतून आला हे खरं आहे, पण चौथीच्या मुलाला त्याचं काय?

‘कृतज्ञ’ला वेगळाच धोका आहे, उच्चाराचा. मराठीत ज्ञ आपण ‘द्न्य’ म्हणतो. घाईत, खरखरणाऱ्या माईकवर ‘कृतज्ञ’ आणि ‘कृतघ्न’ यांत फारसा फरक उरत नाही, आणि अर्थ नेमका उलटा: एक केलेलं जाणणारा, दुसरा केलेलं बुडवणारा. म्हणून हा शब्द वाक्याच्या शेवटी, श्वास संपताना ठेवू नका. आधी साध्या मराठीत सांगा, मग शब्द उच्चारा: “केलेलं जाणणं म्हणजे कृतज्ञता. म्हणून मी जाणते ते सांगते. शाळेच्या सखलावर पाणी भरलं तेव्हा पहिलीची मुलं खांद्यावरून कोणी आणली, ते मला माहीत आहे.” पोटात ‘जाणणं’ आहे म्हटल्यावर नुसते आभार चालत नाहीत, काय केलं ते सांगावं लागतं. सरपंचांपासून सुरू होणारी पाहुण्यांची यादी सूत्रसंचालकाकडे सोपवा. ते त्याचं काम आहे.

घाबरू नका, हे सगळं सहा मिनिटांत बसतं. मंचावर मिनिटाला शंभरेक शब्द धरा, म्हणजे सहाशे शब्द. तीन शब्दांवर खेळ पुरे, चौथा आला की लोक शब्द मोजू लागतात. मोबाइलवर फिरणारी तयार भाषणं उघडूच नका. त्यातला वारसा कुठल्याही गावचा असतो. आणि मसुदा तपासायला सुविचार पेरणाऱ्या ज्येष्ठांकडे नेण्यापेक्षा घरी कोकणी बोलणाऱ्या शाळेच्या मदतनीस ताईंना वाचून दाखवा. जिथे त्यांचा चेहरा कोरा राहील तिथे श्लेष लागलेला नाही. तो दुरुस्त करू नका, कापा.

शेवटासाठी ‘निरोप’ राखून ठेवा. मराठीत जाणारा निरोप घेतो आणि राहणारे देतात. बाई म्हणाल्या, “मी आता निरोप देते,” की ऐकणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि मुलं वर बघतात. इथे तीन मोजेपर्यंत थांबा. ही विश्रांती कागदावर लाल रेघ मारून लिहून ठेवा, नाहीतर घाईत राहून जाते. शाळेतलं मूल रोज घरी निरोप पोचवतं, त्यामुळे दुसरा अर्थ त्याला आधीच पाठ असतो. मग खरोखरचा निरोप द्या, कामाचा:

“घरी जाऊन सांगा, वाचनपेटीतली अकरा पुस्तकं अजून तुमच्याकडे आहेत. सोमवारी नव्या बाईंकडे द्या. येते.”

‘जाते’ नाही, ‘येते’. त्यानंतर कागदाची घडी घाला आणि माईकपासून बाजूला व्हा.