ज्वारी-बाजरी-नाचणीची गहू-तांदळाशी तुलना करताना या चुका टाळा

"गव्हात तंतू १.२ ग्रॅम, तांदळात ०.२ ग्रॅम आणि कोद्र्यात ९ ग्रॅम." हा तक्ता इतक्या ठिकाणी उतरवला गेलाय की आता कोणी त्यावर शंकाही घेत नाही. आकडे खोटे नाहीत. पण त्यावरून "गव्हात तंतू जवळजवळ नसतातच" असा निष्कर्ष काढला जातो, तो साफ चुकीचा आहे. पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच.

जुन्या मोजणीचे तंतू

हे आकडे 'क्रूड फायबर' या जुन्या पद्धतीचे आहेत. त्यात धान्याचं पीठ आधी आम्लात आणि मग अल्कलीत उकळतात आणि जे विरघळत नाही ते तंतू म्हणून मोजतात. या उकळण्यात विरघळणारे तंतू पूर्ण निघून जातात, हेमिसेल्युलोजचा मोठा भाग जातो आणि लिग्निनही बरंच जातं. गव्हाच्या कोंड्यात हेमिसेल्युलोज भरपूर असतं, त्यामुळे या पद्धतीत सर्वांत जास्त नुकसान गव्हाचं होतं. आपल्या आतड्यात ना असं आम्ल आहे ना अशी उकळी. खाणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा 'एकूण आहारतंतूं'चा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या तक्त्यांत हेच एकूण आहारतंतू दिले आहेत. त्यात १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११.४ ग्रॅम तंतू आहेत. बाजरीत ११.५, नाचणीत ११.२, ज्वारीत १०.२. पांढऱ्या तांदळात २.८ आणि मैद्यातही तेवढेच. म्हणजे खरी दरी भरडधान्य आणि गहू यांच्यात नाहीच. ती अख्खं धान्य आणि कोंडा काढलेलं धान्य यांच्यात आहे. भात कमी करून भाकरी वाढवली तर तंतू चौपट होतात, पण कोंड्यासकट कणकेची पोळी सोडून भाकरी धरली तर तंतूंच्या हिशेबात काहीच बदलत नाही.

कोद्र्याचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. जुन्या तक्त्यात त्याचं क्रूड फायबर ९ ग्रॅम आहे आणि २०१७ च्या तक्त्यात एकूण आहारतंतू ६.४ ग्रॅम. क्रूड फायबर हा एकूण तंतूंचा एक भाग, आणि भाग पूर्णापेक्षा मोठा असू शकत नाही. तेव्हा दोन्ही नमुने एकाच अवस्थेतले नव्हते हे उघड आहे. जुन्या नमुन्यात टरफल जास्त राहिलेलं असणार. ते टरफल आपण खातच नाही.

कोणताही तक्ता हाती आला की मी आधी गव्हाची ओळ बघतो. गव्हासमोर १.२ असेल तर तंतूंचा अख्खा रकाना सोडून देतो, आणि ११ च्या आसपास असेल तरच पुढे वाचतो. दोन वेगळ्या तक्त्यांतले आकडे शेजारी मांडून तुलना करणं तर कधीच करू नये. घाईत असलेले नवशिके नेमकं तेच करतात: गव्हाचा आकडा एका तक्त्यातून, राळ्याचा दुसऱ्यातून.

'मिलेट' म्हणजे सगळं एकच असं धरणं

ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांना वेगळं कडक टरफल नसतं. त्यामुळे ती सहसा कोंड्यासकटच दळली जातात. राळा, वरी, कोद्रा, सावा यांचं मात्र टरफल काढावंच लागतं, नाहीतर खाता येत नाही. टरफल काढणं ठीक आहे, अडचण त्यापुढच्या पॉलिशची आहे. दाणा पांढराशुभ्र दिसावा, लवकर शिजावा आणि जास्त टिकावा म्हणून कोंडाही घासून काढतात. कोंड्याबरोबर तंतू, लोह, जस्त आणि स्निग्धांश जातात. जे उरतं ते तंतूंच्या बाबतीत पांढऱ्या तांदळाच्या जवळ सरकतं.

ओळखायचं कसं? दाणे तळहातावर घेऊन उजेडात बघा. कोंडा शिल्लक असलेला दाणा मळकट पिवळसर किंवा करडा दिसतो, रंग सगळीकडे सारखा नसतो आणि पृष्ठभाग थोडा खरखरीत लागतो. पॉलिश केलेला दाणा एकसारखा पांढुरका आणि गुळगुळीत असतो. आणखी एक खूण म्हणजे टिकाऊपणा. कोंड्यात तेल असतं, त्यामुळे कोंडा असलेलं धान्य उन्हाळ्यात लवकर खवट होतं. जे वर्षभर डब्यात राहूनही जराही वास धरत नाही, त्यात कोंडा फारसा नाही असं समजायला हरकत नाही. बाजरीचं पीठ थोड्याच दिवसांत कडू होतं, त्यालाही तेच कारण: तिच्यात ५ टक्क्यांहून जास्त स्निग्धांश असतो. म्हणून ते थोडं थोडंच दळून आणावं.

कच्च्याची शिजलेल्याशी तुलना

१०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि १०० ग्रॅम शिजलेल्या भातात तीसहून कमी, कारण उरलेलं वजन पाण्याचं. तुलना नेहमी कोरड्या वजनावर करा.

खनिजांचा एकच बिल्ला सगळ्यांना लावणं

"भरडधान्यात कॅल्शियम भरपूर" हे वाक्य फक्त नाचणीला लागू पडतं. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. बाजरी आणि ज्वारीत प्रत्येकी २७-२८, म्हणजे कणकेतल्या ३१ पेक्षाही थोडं कमी. लोहाच्या बाबतीत बाजरी पुढे आहे, ६.४ मिलिग्रॅम. ज्वारी आणि कणीक जवळपास सारख्याच, ४ च्या आसपास. पांढरा तांदूळ ०.६५ वर, सर्वांत मागे. म्हणून कोणत्या खनिजासाठी कोणतं धान्य हे आधी ठरवावं लागतं. कॅल्शियमसाठी बाजरी खाणं म्हणजे भलतंच दार ठोठावणं.

दाण्यातलं खनिज आणि शरीराला मिळणारं खनिज यांतही फरक आहे. कोंड्यातलं फायटिक आम्ल लोह, जस्त आणि कॅल्शियम यांना धरून ठेवतं. नाचणीत त्यात ऑक्झलेट आणि टॅनिनची भर पडते. धान्य रात्रभर भिजवून मोड आणले किंवा पीठ आंबवलं तर दाण्यातलंच फायटेज नावाचं विकर हे आम्ल काही प्रमाणात फोडतं. त्याला ओल आणि वेळ, दोन्ही लागतं. पीठ दहा मिनिटं भिजवून ठेवण्याने काही साधत नाही. लोहासाठी जेवणात लिंबू घ्या आणि जेवणाला लागून चहा टाळा.

"मल्टिग्रेन" पिठाचंही तसंच. कणकेत १० टक्के नाचणी मिसळली तर १०० ग्रॅमला कॅल्शियम साधारण ३१ वरून ६४ मिलिग्रॅम होतं. दुप्पट झालं हे खरं, पण नाचणीच्या जवळपासही नाही. पाकिटावर घटक उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, ते वाचा.

साखर चढते ती धान्याच्या नावाने नाही

ही चूक सर्वांत जास्त त्रास देते, कारण इथे माणूस मनापासून प्रयत्न करत असतो आणि आकडे उलटे येतात. नेहमी दिसणारा प्रकार असा. मधुमेह असलेली व्यक्ती गहू सोडते आणि दोन पोळ्यांच्या जागी ज्वारीच्या दोन भाकरी खाते. पंधरा दिवसांनी बघितलं तर जेवणानंतरची साखर वाढलेली. मग कोणी ज्वारीला दोष देतं, कोणी ग्लुकोमीटरला.

हिशेब करून बघू. एका पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर दोन पोळ्यांत ६० ग्रॅम. २०१७ च्या तक्त्यानुसार त्यातून कर्बोदकं मिळतात सुमारे ३८.५ ग्रॅम. भाकरी जाड आणि मोठी असते. एकीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर दोन भाकरींत १२० ग्रॅम, आणि कर्बोदकं ८१ ग्रॅम. म्हणजे दुपटीहून जास्त. धान्य कितीही चांगलं असलं तरी दुप्पट पिष्ट पोटात गेल्यावर साखर चढणारच. तेवढीच कर्बोदकं हवी असतील तर ज्वारीचं पीठ साधारण ५७ ग्रॅम घ्यावं लागेल, म्हणजे दोन पोळ्यांना एक भाकरी. आणि त्या एका भाकरीत तंतू ५.८ ग्रॅम, तर दोन पोळ्यांत ६.८ ग्रॅम. तुलना नगावर न करता पिठाच्या वजनावर केली की चित्र असं बदलतं. म्हणून पहिला आठवडा पीठ काट्यावर तोलूनच घ्या. अंदाजाने चालेल म्हणणाऱ्यांची भाकरी दर दिवशी थोडी मोठी होत जाते.

या हिशेबात एक जपायचं. या तक्त्यात कर्बोदकांतून तंतू आधीच वजा केलेले आहेत. ते पुन्हा वजा करू नका. काही पाकिटांवर मात्र तंतू धरून एकूण कर्बोदकं लिहितात, तिथे वजा करावे लागतात.

मग "भरडधान्यांचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर साखर किती चढते याचा आकडा, कमी असतो" हे खोटं का? नाही, पण पूर्ण वाक्य वाचलं पाहिजे. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून भरडधान्यांची सरासरी सुमारे ५३ काढली. तुलनेला पांढरा तांदूळ होता, सुमारे ७२, आणि परिष्कृत गहू, सुमारे ७४. परिष्कृत गहू म्हणजे मैद्यासारखा. घरच्या कोंड्यासकट कणकेला तो आकडा चिकटवता येत नाही. शिवाय हा इंडेक्स ५० ग्रॅम उपलब्ध कर्बोदकांवर मोजतात. ताटात किती वाढलं हे त्याला माहीत नसतं.

धान्याचं रूप तर नावाइतकंच महत्त्वाचं. अख्ख्या दाण्यात किंवा जाड कण्यांत पिष्टापर्यंत विकरांना पोचायला वेळ लागतो. तोच दाणा बारीक दळून पाण्यात मऊ शिजवला की पिष्ट पूर्ण फुगलेलं असतं आणि साखर झपाट्याने चढते. लाह्या आणि झटपट शिजणारे पोहे त्याच गटात. नाचणीची पातळ, गुळगुळीत पेज पिऊन "मी नाचणी घेतली" असं समाधान मानणं मला म्हणूनच पटत नाही. त्यापेक्षा जाडसर दळलेल्या पिठाची भाकरी, सोबत डाळ आणि भाजी, हे केव्हाही बरं.

दोन धान्यांनी साखर किती चढते हे घरी मोजून बघायचं असेल तर पहिल्या घासापासून वेळ धरा, जेवण संपल्यापासून नाही. जेवणाआधी, एक तासाने आणि दोन तासांनी, असं तीनदा मोजा. पेजेचा चढ पहिल्या तासातच येऊन जातो, त्यामुळे फक्त दोन तासांनी मोजलं तर तो हुकू शकतो. भाजी, डाळ, जेवणाची वेळ आणि नंतरचं चालणं दोन्ही वेळा सारखं ठेवा. साखर १०० च्या वर असताना घरच्या मीटरला १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते. खरी साखर १८० असेल तर मीटर १५३ दाखवू शकतो किंवा २०७ही. म्हणून एकेका रीडिंगवरून धान्याचा निवाडा करू नका. प्रत्येक धान्य वेगवेगळ्या तीन दिवशी घ्या आणि जेवणाआधीच्या आकड्यापासून साखर किती चढली याची सरासरी काढा. दहा-पंधराचा फरक आला तर तो फरक नाही असंच धरा.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि पिठाचं वजन खरंच निम्म्यावर आणणार असाल, तर ते आधी डॉक्टरांना सांगा. कर्बोदकं अचानक कमी झाली आणि डोस तोच राहिला तर साखर खाली घसरते, आणि हात थरथरून घाम फुटेपर्यंत ते लक्षातही येत नाही.