आचारसंहितेच्या फोटोवरून ‘मुभा’ आणि ‘मनाई’चा तक्ता करताना या चुका टाळा

आचारसंहितेच्या एका पानाचा फोटो हाती येतो आणि ‘एका बाजूला काय चालेल, दुसऱ्या बाजूला काय चालणार नाही, असा तक्ता करून द्या’ असे सांगितले जाते. काम अर्ध्या तासाचे वाटते, आणि घाईने केले तर ते खरोखर अर्ध्या तासात होतेही. मात्र असा तक्ता भिंतीवर लागल्यावर लोक मूळ संहिता उघडून पाहत नाहीत, त्यामुळे तक्त्यातली चूक हाच नियम होऊन बसतो. तयार तक्ते तपासण्याचे काम माझ्याकडे नेहमी येते आणि त्यांत त्याच त्या चुका आढळतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे यादीच्या वर असलेले वाक्य हरवणे. संहितेत प्रत्येक नियम पूर्ण वाक्यात लिहिलेला नसतो. ‘सभासदांनी पुढील गोष्टी करू नयेत’ असे एकदाच लिहिलेले असते आणि त्याखाली (अ), (आ), (इ) अशी नुसती कलमे येतात: ‘संस्थेच्या नावाने वर्गणी गोळा करणे’, ‘माध्यमांना निवेदन देणे’, ‘बाहेरील व्यक्तीस आवारात मुक्कामास ठेवणे’. कलमांमध्ये नकार कुठेच नाही. तो सगळा वरच्या एका ओळीत आहे. ती ओळ आधीच्या पानाच्या तळाशी असेल, तर फोटोत फक्त कलमे दिसतात.

एका संस्थेसाठी झालेल्या तक्त्यात नेमके हेच घडले होते. ज्याच्याकडे काम होते, त्याला मिळालेला फोटो (ई)पासून सुरू होत होता. त्याने प्रत्येक कलम वाचून स्वतःच्या अंदाजाने रकाना ठरवला. ‘भेटवस्तू स्वीकारणे’ हे उघडच वाईट वाटते, म्हणून ते मनाईत गेले. ‘माध्यमांना निवेदन देणे’ आणि ‘संस्थेच्या नावाने सभा बोलावणे’ या गोष्टी निरुपद्रवी वाटल्या, म्हणून त्या मुभेत गेल्या. तक्ता दिसायला नीटनेटका होता आणि त्यातली काही कलमे योगायोगाने बरोबरही होती, म्हणून कोणालाच शंका आली नाही. तक्त्यावर विसंबून एका सभासदाने निवेदन दिले, त्याला खुलासा मागणारे पत्र गेले आणि त्याने उत्तरादाखल तोच तक्ता जोडून पाठवला, तेव्हा कुठे मूळ पुस्तिका उघडली गेली. फोटो काढणाऱ्याने आधीच्या पानाच्या शेवटच्या चार ओळी घेतल्या असत्या, तर यातले काहीच झाले नसते.

म्हणून माझा नियम साधा आहे. पहिले कलम (अ) किंवा १ नसेल, तर आधीचे पान मिळेपर्यंत मी तक्ता सुरूच करत नाही. पानाचे शेवटचे वाक्य पूर्णविरामावर संपत नसेल, तर पुढचे पानही मागवतो, कारण ‘मात्र’ने सुरू होणारा अपवाद पुष्कळदा तिथेच असतो. पान मिळाल्यावर वरचे वाक्य प्रत्येक कलमाला जोडून ते कलम पूर्ण वाक्यात लिहून काढतो आणि मगच रकान्यात टाकतो. हे कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय मला सापडलेला नाही.

नकार हरवण्याची दुसरी जागा फोटोतच असते. मराठी वाक्यात ‘नाही’ आणि ‘नये’ शेवटी येतात, म्हणून ते बहुधा ओळीच्या टोकाला किंवा पुढच्या ओळीच्या आरंभी पडतात. जाड पुस्तिकेचे डावे पान शिवणीकडे वाकलेले असते आणि त्याच्या ओळींची टोके सावलीत जातात. फोटोतून मजकूर काढणारे सॉफ्टवेअर अशी धूसर टोके गाळते किंवा भलतेच वाचते आणि ‘करता येणार नाही’चे ‘करता येणार’ उरते. पुस्तिका काचेने किंवा जड पट्टीने सपाट दाबून, अगदी वरून, पानाच्या चारही कडा दिसतील असा फोटो घ्यावा. मजकूर काढायला टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर भाषा सांगायला विसरू नका:

```
tesseract paan.jpg majkur -l mar --psm 6
```

यातला `6` पानावर एकच सलग मजकूर असेल तेव्हा चालतो. पान मुळातच दोन स्तंभांत छापलेले असेल, तर दोन्ही स्तंभांतल्या ओळी एकमेकींत मिसळतात, म्हणून आधी स्तंभ कापून वेगळे करावेत. निघालेला मजकूर वाचण्यापूर्वी मी फोटोची छापील प्रत घेऊन त्यावरचा प्रत्येक ‘नाही’, ‘नये’, ‘मनाई’, ‘शिवाय’, ‘वगळता’ आणि ‘मात्र’ पेन्सिलीने गोल करतो आणि तेवढेच शब्द मजकुरात सापडतात का, ते पाहतो. धूसर फोटोत १ आणि ९ यांचाही घोटाळा होतो. मुदतीचे आकडे मूळ पानावरूनच घ्यावेत.

आता अटींचे नियम. नवख्यांना प्रत्येक नियमासाठी एकच रकाना हवा असतो, आणि तिथेच ते अडकतात. नियम ७चा हा नमुना पाहा: ‘सभासदाने लेखी पूर्वपरवानगीशिवाय आवारात छायाचित्रण करू नये, मात्र वैयक्तिक वापरासाठी केलेले व अन्य सभासदांचे चेहरे न दिसणारे छायाचित्रण यास अपवाद राहील.’ बहुतेक जण मनाईखाली ‘छायाचित्रण’ एवढेच लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात एका नियमाच्या दोन ओळी होतात:

| मुभा | मनाई |
|---|---|
| लेखी पूर्वपरवानगी घेऊन छायाचित्रण (नियम ७) | परवानगीशिवाय वैयक्तिक वापराखेरीज अन्य कारणासाठी छायाचित्रण (नियम ७) |
| वैयक्तिक वापरासाठी, अन्य सभासदांचे चेहरे न दिसणारे छायाचित्रण, परवानगीशिवायही (नियम ७) | वैयक्तिक वापरासाठी असले तरी अन्य सभासदांचे चेहरे दिसणारे छायाचित्रण, परवानगी नसल्यास (नियम ७) |

अपवादाला दोन अटी आहेत आणि त्या दोन्ही पाळायच्या आहेत; त्यांतली एक मोडली तरी गोष्ट मनाईत जाते, म्हणून उजवीकडे दोन ओळी लागल्या. ओळी लांब होतात, अशी तक्रार मला ऐकू येते. नियमच लांब असेल, तर आखूड ओळ खोटी असते.

याउलट चूक म्हणजे नसलेली मुभा निर्माण करणे. मनाईचा रकाना भरतो, मुभेचा रिकामा दिसतो, आणि तो भरण्यासाठी मनाईचे उलटे वाक्य लिहिले जाते. ‘रात्री १० नंतर वाद्ये वाजवू नयेत’ यावरून ‘रात्री १० पर्यंत वाद्ये वाजवता येतील’ असे पान म्हणत नाही. दिवसाच्या वेळेसाठी दुसऱ्या पानावर वेगळा नियम असू शकतो. समोरच्या चौकटीत आडवी रेघ द्यावी. दोन्ही रकाने सारखे भरलेच पाहिजेत, हा हट्ट मला कधीच समजलेला नाही.

‘ओळखपत्र दर्शनी भागावर लावावे’ हे कर्तव्य आहे. ते मुभेत टाकले तर सक्तीची गोष्ट ऐच्छिक होते. तक्ता दोनच रकान्यांचा हवा असेल, तर मनाईत ‘ओळखपत्र न लावता आवारात वावरणे’ असे लिहिता येते. मी मात्र अशी कर्तव्ये तक्त्याखाली वेगळी लिहितो.

‘शक्यतो टाळावे’ ही सूचना आहे, तिला मनाईच्या रकान्यात बसवू नये. ‘इत्यादी’ गाळू नये, कारण ते गेले की उदाहरणांची यादी संपूर्ण यादी ठरते. पानावर हाताने खोडलेली ओळ किंवा समासात लिहिलेली दुरुस्ती दिसली, तर तिच्यावर सही-शिक्का आहे का, हे विचारून घ्यावे आणि उत्तर मिळेपर्यंत ती ओळ तक्त्यात ‘प्रलंबित’ म्हणून ठेवावी.